टार्गेट १०३ टक्के, आणि फळ्यावरचं कासव

माझ्या हाताखालच्या एका शिफ्ट इंजिनियरच्या फाइलमध्ये आधीच्या मॅनेजरांनी लिहिलेले तीन वर्षांचे अप्रेझल फॉर्म होते. तिन्हींत उत्पादनाचा रकाना उत्तम होता. आणि तिन्हींत खाली, 'सुधारणेस वाव' या चौकटीत, जवळपास एकच ओळ होती: सहकाऱ्यांशी संवाद सुधारावा. तीन वर्षं ही ओळ वाचून त्याने सही केली होती आणि तीन वर्षं त्याला चांगली वाढ मिळाली होती. म्हणजे त्या ओळीचा अर्थ त्याने बरोबरच लावला होता: ही लिहायची पद्धत असते, मनावर घ्यायचं नसतं.

मी चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉप सांभाळतो. मोटारीच्या सीटखालचे ब्रॅकेट आमच्याकडे पत्र्यातून दाबून निघतात. पाळ्या तीन: सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा, बारा ते सात. प्रत्येक पाळीला एक शिफ्ट इंजिनियर, त्याच्या हाताखाली प्रेसची जुळणी करणारा एक सेटर, काही ऑपरेटर आणि ट्रेनी पोरं. हा त्यातला एक इंजिनियर. नाव सांगत नाही, गरजही नाही. साडेआठ तासांच्या पाळीतून जेवण, चहा आणि सुरुवातीची मीटिंग वजा केली की साडेसात तास उरतात. तासाला ८०० नग धरले तर टार्गेट ६,००० होतं. रात्रीची पाळी सात तासांची, तिचं टार्गेट त्या प्रमाणात कमी; इथले आकडे साडेआठ तासांच्या पाळीचे आहेत. बाकीच्या दोघांचा आकडा ५,८०० ते ६,००० मध्ये फिरायचा, याचा ६,२०० च्या खाली क्वचित यायचा. तरी शॉपमध्ये त्याच्याबद्दल कुणी चांगलं बोलत नव्हतं. ट्रेनी त्याच्या पाळीत टिकत नव्हते आणि त्याच्या सेटरने पाळी बदलून मागितली होती. अर्जात कारण होतं 'घरगुती'. असल्या अर्जांत कारण नेहमी घरगुतीच असतं.

या वर्षी अप्रेझलसोबत त्याला स्वतंत्र लेखी फीडबॅक द्यायचा असं ठरलं आणि तो मी लिहायचा होता.

पहिली अडचण साक्षीची. लोक माझ्याकडे येऊन बोलले होते, पण 'सर, माझं नाव नको' म्हणून. एका पाळीत माणसं इतकी थोडी असतात की नाव न घेता नुसतं वाक्य उद्धृत केलं तरी कोण बोललं ते त्याला पाच मिनिटांत कळलं असतं. शिवाय 'अनेकांची तक्रार आहे' असं लिहिलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, कोणाची? मग मूळ मुद्दा राहतो बाजूला आणि चुगली कोणी केली याचा शोध सुरू होतो. म्हणून मी स्वतःला एक अट घातली. पत्रात फक्त दोन प्रकारच्या गोष्टी येतील: मी स्वतः उभं राहून पाहिलेलं, किंवा शॉपच्या रजिस्टरात कुणीही उघडून पाहू शकेल असं. लोकांनी सांगितलेलं वाया जात नाही. कुठे बघायचं ते त्यातूनच कळतं. पण ते कागदावर येत नाही.

रात्रीच्या पाळीतला एक ऑपरेटर बोलता बोलता म्हणाला होता, 'आमचा पहिला तास तर त्यांचा उकिरडा काढण्यातच जातो.' ही तक्रार बोर्डावर तपासता येण्यासारखी होती. प्रत्येक प्रेससमोर तासागणिक उत्पादनाचा बोर्ड असतो, एका बाजूला ठरलेले नग, दुसऱ्या बाजूला झालेले. त्याचे रोजचे कागद फाइल होतात. मी एकच प्रेस आणि एकच ब्रॅकेट धरला आणि काही महिन्यांचे कागद काढून प्रत्येक पाळीचा फक्त पहिला तास वहीत उतरवला. इतर दोघांनंतर येणाऱ्या पाळीचा पहिला तास ७०० च्या आसपास होता. याच्यानंतर येणाऱ्या पाळीचा ४५० च्या आसपास.

इथे थांबलो असतो तर त्याने मला सहज उडवून लावलं असतं. आमच्या पाळ्या दर आठवड्याला पुढे सरकतात, पण टीमचा क्रम बदलत नाही. त्याच्यामागून नेहमी तीच एक टीम येते, मग पाळी पहिली असो की रात्रीची. तेव्हा 'ती टीमच सुस्त आहे सर' हे उत्तर तयार होतं, आणि नुसत्या या आकड्यांवर ते खोडताही आलं नसतं. म्हणून तो रजेवर असताना दुसऱ्याने त्याची पाळी चालवली होती ते दिवस शोधले. दिवस थोडे होते, पण त्या दिवसांत त्याच 'सुस्त' टीमचा पहिला तास सातशेच्या जवळ गेलेला होता.

कारण प्रेसजवळ उभं राहिल्यावर दिसतं. पाळी संपता संपता डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, उघडून आतला पत्र्याचा चुरा हवेने उडवायचा असतो, ब्रश मारून तेल द्यायचं असतं, भंगाराची पेटी रिकामी करायची असते. डायमधल्या पंचची, म्हणजे पत्रा कापणाऱ्या भागाची, धार गेली की नगाच्या कडेला बर येते, म्हणजे पत्र्याची खरखरीत कोर, ती बोटाला लागते. ती वाढायला लागली की डाय टूल रूमला धार लावायला पाठवावी लागते. हे सगळं मशीन थांबवून करायचं काम. हा शेवटच्या मिनिटापर्यंत नग काढायचा. हँडओव्हर रजिस्टरमध्ये त्याच्या नोंदी दोन शब्दांच्या असायच्या: 'डाय ओके.' पुढची पाळी यायची, डाय उघडायची, साफ करायची, पहिला नग क्वालिटीकडे नेऊन मंजूर करून घ्यायची, आणि पंच बोथट निघाला तर रात्री साडेबारा वाजता टूल रूममधल्या एकुलत्या एक माणसाच्या मागे लागायची. याच्या खात्यात टार्गेटवर दोनशे नग जास्त, पुढच्यांच्या खात्यात अडीचशे कमी. शॉप म्हणून बघितलं तर पन्नास नगांचा रोजचा तोटा. आणि महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये शाबासकी याला, खुलासा त्यांना.

दुसरी गोष्ट बोर्डावर सापडली नसती. ती बघायला मी काही वेळा त्याच्या पाळीच्या सुरुवातीच्या मीटिंगला मागे जाऊन उभा राहिलो. दहा मिनिटांची मीटिंग असते: सुरक्षेचं एखादं वाक्य, आजचा प्लॅन, कोण कुठल्या मशीनवर. याच्या मीटिंगला एक जादा कार्यक्रम होता. पांढऱ्या फळ्याच्या कोपऱ्यात आदल्या दिवशी ज्याचे नग सगळ्यांत कमी त्याचं नाव, आणि नावापुढे मार्करने काढलेलं कासव. चित्र बरं काढायचा, नाही म्हणता येणार नाही. मग त्या माणसाला उद्देशून, 'काय रे, हाताला मेंदी लावून आला होतास का?' सगळे हसायचे. ज्याचं नाव असेल तोही हसायचा.

एका दिवशी ज्याच्या नावापुढे कासव होतं त्याचा आदल्या दिवसाचा कागद मी काढून पाहिला. त्याने नगाला बर दिसली म्हणून प्रेस थांबवून क्वालिटीच्या माणसाला बोलावलं होतं, संशयास्पद नग लाल पेटीत टाकले होते आणि सेटर येईपर्यंत वाट पाहिली होती. म्हणजे आम्ही ट्रेनिंगमध्ये जे करायला शिकवतो तेच. बक्षीस म्हणून कासव मिळालं. पुढे त्याच माणसाच्या मशीनवर लाल पेटी रिकामी राहायला लागली. एकूणच याच्या पाळीची लाल पेटी शॉपमध्ये सर्वांत रिकामी असायची आणि ते त्याच्या कौतुकाचं कारण होतं. पण वेल्डिंग शॉपमधून बर आली म्हणून परत येणाऱ्या नगांच्या रूट कार्डावर, म्हणजे नगांसोबत फिरणाऱ्या कार्डावर, पाळी लिहिलेली असते. ती कार्डं एकत्र केली तर निम्म्याहून जास्त याच्या पाळीची निघाली.

इथे मला पत्र कसं लिहायचं ते दिसलं. मनोबल खचलं, वातावरण बिघडलं असं काहीही कागदावर लिहून उपयोग नसतो. ते त्याला दिसत नाही, मला दाखवता येत नाही, आणि मीटिंगमध्ये सगळे हसतात हा त्याच्याकडे पुरावाच आहे. लोक काय करायचे थांबले, ते मात्र लिहिता येतं. प्रेस थांबवायचे थांबले. लाल पेटीत नग टाकायचे थांबले. एचआरच्या एका ट्रेनिंगमध्ये अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपची पद्धत शिकवली होती: परिस्थिती सांगा, वागणूक सांगा, परिणाम सांगा. पद्धत चांगली आहे, पण शिकवताना परिणामाच्या जागी बहुतेक वेळा भावना लिहायला सांगतात, 'त्यामुळे अमुक जण दुखावला'. आमच्यासारख्या शॉपमध्ये त्या वाक्याला 'इतकं नाजूक असेल तर ऑफिसात नोकरी कर' असं उत्तर मिळतं.

एचआरच्या दुरुस्तीनंतर मसुदा असा झाला, बढतीचं वाक्य तेवढं सोडून. मूळ इंग्रजी फॉर्मवर होतं, इथे मराठीत देतो.

'या वर्षी तुमच्या पाळीचं उत्पादन सरासरी १०३ टक्के राहिलं. तिन्ही पाळ्यांत हे सर्वांत जास्त आहे. ब्रेकडाउन झाल्यावर प्रेस पुन्हा सुरू करायला तुमच्या पाळीला लागणारा वेळही सर्वांत कमी आहे.

तुमच्या पाळीनंतरच्या पाळीचा पहिल्या तासाचा आकडा सुमारे ४५० नग असतो. इतर पाळ्यांनंतर तो सुमारे ७०० असतो. तुम्ही रजेवर असताना त्याच टीमचा आकडा ७०० च्या जवळ होता. बोर्डाचे कागद सोबत जोडले आहेत. पाळी संपताना डाय साफ केलेली नसते, भंगाराची पेटी भरलेली असते आणि हँडओव्हर रजिस्टरमध्ये पंचच्या स्थितीची नोंद नसते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पाळीच्या सुरुवातीच्या मीटिंगमध्ये कमी नग काढणाऱ्याचं नाव चित्रासह फळ्यावर लिहिलं जातं. मी हजर असताना ज्या ऑपरेटरचं नाव होतं, त्याने आदल्या दिवशी बर आल्यामुळे नियमाप्रमाणे प्रेस थांबवली होती. त्यानंतर त्या मशीनवरून लाल पेटीत नग येणं जवळपास बंद झालं. वेल्डिंगकडून परत आलेल्या नगांपैकी निम्म्याहून अधिक तुमच्या पाळीचे आहेत.

अपेक्षा: फळ्यावर व्यक्तीचं नाव लिहू नये. पाळी संपताना डाय साफ करून, पंचची स्थिती आणि मारलेले स्ट्रोक रजिस्टरमध्ये लिहून मशीन द्यावी. पुढच्या तिमाहीत पुढच्या पाळीचा पहिला तास आणि वेल्डिंगकडून परत येणारे नग या दोन गोष्टी आपण दर महिन्याला एकत्र पाहू.'

त्या ऑपरेटरचं नाव मी घातलं नाही. ते फळ्यावर सगळ्यांनी वाचलंच होतं, आणि तो काही माझ्याकडे तक्रार घेऊन आला नव्हता. तरी कागद बाहेर पडण्याआधी मी त्याला विचारून घेतलं. तो म्हणाला, 'लिहा सर, मी कुठे काय बोललो?'

मसुदा एचआरकडे गेला आणि दोन खुणा होऊन परत आला. पहिल्या मसुद्यात कासवाच्या परिच्छेदात 'अपमानास्पद वागणूक' असे शब्द होते. एचआरच्या मॅडमनी ते काढायला लावले. त्यांचं म्हणणं, हा फीडबॅक आहे की मेमो ते आधी ठरवा. शिस्तभंगाची भाषा वापरली की त्याला खुलासा मागवावा लागतो, चौकशी करावी लागते, आणि ते करायचं नसेल तर तो शब्द कागदावर नुसताच पडून राहतो. उद्या खरंच कारवाईची वेळ आली तर त्याचा वकील विचारील, तेव्हा अपमान वाटला होता तर तेव्हा काहीच का केलं नाही? शब्द काढल्यावर परिच्छेद मवाळ झाला नाही, उलट जास्त टोचायला लागला.

दुसरी खूण बढतीवर होती. त्याला असिस्टंट मॅनेजर व्हायचं होतं आणि सगळ्या शॉपला ते माहीत होतं. मी लिहिलं होतं की या दोन गोष्टी तिमाहीभर टिकल्या तर मी शिफारस करीन. मॅडम म्हणाल्या, हे लेखी वचन झालं. उद्या जागाच निघाली नाही तर? मग वाक्य बदललं: बढतीचा विचार होईल तेव्हा या दोन नोंदीही पाहिल्या जातील. तुळतुळीत, सरकारी वाक्य. पण खरं होतं.

त्याची दुसरी पाळी होती त्या आठवड्यात त्याला दुपारी अडीचला बोलावलं. पाळी संपल्यावर बोलावण्यात अर्थ नसतो, थकलेला माणूस फक्त घरी जाण्यासाठी मान डोलावतो. पत्र हातात देऊन आधी वाचू दिलं. पहिल्या परिच्छेदावर त्याने मान हलवली. दुसऱ्यावर जोडलेले कागद उलटून पाहिले आणि ज्याची मी वाट पाहत होतो तेच बोलला, 'ती टीमच स्लो आहे सर.' मी रजेच्या दिवसांचे कागद पुढे सरकवले. त्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग जे बोलला ते मात्र माझ्या तयारीत नव्हतं.

'प्लॅनमध्ये साफसफाईला वेळ कुठे आहे? साडेसात तास गुणिले आठशे, सहा हजार. हे तुम्ही लोकांनीच काढलंय ना? दहा मिनिटं मशीन थांबवली तर माझे एकशेतीस नग गेले. मग बोर्डावर लाल शेरा कोणाच्या नावावर?'

हिशोब बरोबर होता. साडेसात तासांत सगळा वेळ नग काढण्याचाच धरलेला होता. बाकीचे दोघे डाय साफ करून पाळी देत होते आणि म्हणूनच टार्गेटच्या खाली राहत होते. सहा हजाराच्या त्या आकड्याने त्या दोघांना वर्षभर कमी ठरवलं होतं, हे याच्या बोलण्यातून पहिल्यांदा उघड झालं.

कासवावर त्याचा आवाज चढला. 'चेष्टा आहे ती. पोरं हसतात. मी ट्रेनी होतो तेव्हा माझ्या साहेबाने तर नटबोल्ट फेकून मारले होते.' मी हसण्याबद्दल वाद घातला नाही. फक्त विचारलं, त्या दिवशी ज्याचं नाव होतं त्याने प्रेस का थांबवली होती, ते तुला माहीत होतं का? माहीत नव्हतं. बोर्डावरचा आकडा बघून त्याने नाव लिहिलं होतं, शेऱ्याचा रकाना वाचला नव्हता. 'पुढच्या वेळी बर दिसली तर तो थांबवेल?' यावर त्याने उत्तर दिलं नाही. पत्र घरी नेतो, उत्तराच्या चौकटीत लिहून देतो म्हणाला. ती चौकट फॉर्मवर असतेच आणि बहुतेकांची कोरी असते. याने दोन दिवसांनी ती भरून दिली. कासवाबद्दल अक्षर नाही, सगळी चौकट त्या एकशेतीस नगांबद्दल.

मी पत्राला एक परिच्छेद जोडला. तिन्ही पाळ्यांच्या प्लॅनमधून शेवटची दहा मिनिटं काढून टार्गेट ५,८७० करण्यात येत आहे, आणि यापुढे प्रत्येक पाळीच्या आकड्याशेजारी पुढच्या पाळीचा पहिला तासही लिहिला जाईल, असा. हे प्लांट हेडकडून मंजूर करून घेताना पत्र लिहिण्यापेक्षा जास्त ताकद गेली. टार्गेट कमी करायचा प्रस्ताव कुणालाच ऐकायला आवडत नाही. शेवटी रोजच्या पन्नास नगांच्या तोट्यानेच ते काम केलं. जोडलेल्या परिच्छेदासह त्याने पत्रावर सही केली.

कासव दुसऱ्या दिवशी गेलं. फळ्याचा तो कोपरा पुसलेला दिसला, कुणी काही बोललं नाही. पहिला तास हळूहळू वर आला, तिमाहीच्या शेवटी ६५० च्या आसपास. रजिस्टरमध्ये स्ट्रोकचे आकडे यायला लागले, अक्षर रागावलेलं असलं तरी. मेंदीचा शेरा पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. प्रेसच्या आवाजात कोण कोणाला काय म्हणतं ते मला ऐकू येत नाही आणि ते मी पत्रात लिहिलंही नव्हतं.

लाल पेटी भरायला लागली. याची गंमत अशी की त्याच्या पाळीचं रिजेक्शन कागदावर एकदम वाढलं. महिन्याच्या आढाव्यात प्लांट हेडनी विचारलं, याला काय झालं, इतकी वर्षं सर्वांत कमी असायचं. तोही माझ्याकडे तोच कागद घेऊन आला, 'बघा, तुमचं ऐकून माझा आकडा बिघडला.' मी वेल्डिंगकडून परत येणाऱ्या नगांचा आकडा शेजारी ठेवला. तो खाली आला होता, आणि वेल्डिंग होऊन परत आलेला नग लाल पेटीतल्या नगापेक्षा कितीतरी महाग पडतो. प्लांट हेडना पटलं. त्याला पटलं का, ते त्याच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नाही.

बढतीचा निर्णय अजून व्हायचा आहे. सेटरला मी बोलावून विचारलं, आता फरक पडलाय, अर्ज मागे घ्यायचा का? तो म्हणाला फरक पडलाय, बरोबर आहे, पण अर्ज राहू द्या. त्या अर्जावर सही करून मी त्याला दुसऱ्या टीमला दिला.